व्हिडिओत नंबर टाकला होता, मग गेला कुठं?

सांगलीच्या गणपती पेठेतले एक बेदाण्याचे व्यापारी गेल्या हंगामात माझ्या दुकानात आले. माझं दुकान फ्लेक्स, पत्रिका आणि आता रीलचं. काकांनी भाच्याकडून अडतीस सेकंदांचा व्हिडिओ करून घेतला होता. बघणारे बरेच होते, पण फोन एकाचाही नाही. मी म्हटलं, "काका, नंबर टाकायचा राहिला असंल."

"आवं, टाकलाय की! हे बघा." त्यांनी गॅलरी उघडली. खाली पिवळ्या ठळक अक्षरांत दहाच्या दहा आकडे होते. व्हॉट्सॲपवर भाच्यानं पाठवलेल्या व्हिडिओतही होते. मग मी माझ्या फोनवर इन्स्टाग्राम उघडून तोच व्हिडिओ लावला. नंबराच्या जागी दुकानाच्या खात्याचं नाव, "फॉलो"चं बटण आणि भाच्यानं लिहिलेल्या मजकुराची पहिली ओळ. नंबराचे शेवटचे दोन-तीन आकडे तेवढे त्यामागून डोकावत होते. वर लिहिलेलं दुकानाचं नावही ॲपच्या चिन्हांमध्ये अडकलं होतं. काकांनी फोन हातात घेतला, वाकडा करून बघितला, काचेवर अंगठा घासला. नंबर पुसला गेला असेल असं वाटलं असावं.

असं माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतं. मंगल कार्यालयाचा पत्ता, अकॅडमीची प्रवेशाची तारीख, मंडळाच्या आरतीची वेळ, सगळं टाकलेलं असतं आणि लोकांना दिसत नाही. यात फोन बिघडलेला नसतो आणि ॲपनंही काही कापलेलं नसतं. सगळा घोळ जागेचा असतो.

एकावर एक ठेवलेल्या दोन काचा

रील उघडल्यावर आपल्याला एक चित्र दिसतं, पण प्रत्यक्षात तिथं दोन थर असतात. खालच्या थरात तुमचा व्हिडिओ. वरच्या थरात ॲपची स्वतःची सामग्री, म्हणजे उजवीकडे लाइक, कमेंट, शेअर यांची उभी रांग, खाली डावीकडे नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी, वर कॅमेऱ्यासारखी चिन्हं. हा वरचा थर तुमच्या फाइलमध्ये नसतो. बघणाऱ्याच्या फोनवर, बघायच्या क्षणी, तो व्हिडिओवर ठेवला जातो. म्हणून गॅलरीत सगळं ठीक दिसतं, फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओतही ठीक दिसतं आणि पोस्ट केल्यावर झाकलं जातं.

फ्लेक्सवाल्याला हे लगेच कळतं. दहा बाय पाचचा फ्लेक्स छापला तरी त्याची कड लाकडी चौकटीला गुंडाळून मागं खिळे मारावे लागतात. त्या कडेवर कुणी शुभेच्छुकांची नावं छापली तर ती मागच्या बाजूला जातात आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते दुकानात येतात. म्हणून आम्ही कडेला रंग, नक्षी, आकाश असलं काहीतरी सोडतो आणि नावं आत घेतो. व्हिडिओतही तेच करायचं. फरक एवढाच की इथं चारी कडा सारख्या नाहीत. खालची कड फार जाड आहे.

झाकली न जाणारी जी आतली जागा उरते तिला या धंद्यात "सेफ झोन" म्हणतात. मी पुढं तिला नुसतं चौकट म्हणतो. ही कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर चित्राच्या कडा काचेच्या चौकटीमागं थोड्या जायच्या, आणि प्रत्येक सेटवर वेगवेगळ्या. त्यामुळे टीव्हीवाले महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवायचे. बातम्या देणाऱ्याच्या नावाची पट्टी कडेला न चिकटता जरा वर असायची, ती त्यामुळेच.

वीस घड्यांचा हिशोब

उभा व्हिडिओ सर्वसाधारणपणे १०८० ठिपके रुंद आणि १९२० ठिपके उंच असतो. ठिपका म्हणजे पिक्सेल. रीलवर जाहिरात देणाऱ्यांसाठी मेटा कंपनीचा सल्ला असा आहे की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मजकुरापासून आणि लोगोपासून मोकळे ठेवा.

हे टक्के कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी मुलांना कागद दुमडून दाखवतो. उभ्या पट्टीच्या उंचीचे वीस सारखे भाग करा. १९२० ला २० नं भागलं की एक भाग ९६ ठिपक्यांचा येतो. वरचे ३ भाग सोडा, खालचे ७ सोडा, मधले १० तुमचे. म्हणजे वरून मोजत आलं तर २८८ पासून १२४८ पर्यंतची जागा तुमची आहे.

बाजूंना ६ टक्के म्हणजे ६५ ठिपके होतात. मी १०० सोडतो, कारण आजचे फोन व्हिडिओपेक्षा लांबुडके आहेत. व्हिडिओचं प्रमाण १६ ला ९, तर बऱ्याच फोनचं २० ला ९. व्हिडिओ अशा फोनची पूर्ण उंची भरेपर्यंत मोठा केला तर रुंदीचे १०८० पैकी ८६४ ठिपकेच काचेवर मावतात आणि दोन्हीकडचे १०८ बाहेर जातात. ॲप खाली स्वतःची पट्टी ठेवत असल्यानं सहसा इतकं कापलं जात नाही, पण थोडं जातं. किती, ते फोनवर अवलंबून. शंभर सोडले की त्याची काळजी राहत नाही.

आता उरलं काय ते बघा. रुंदी ८८०, उंची ९६०. व्हिडिओ उभा, पण कामाची जागा जवळजवळ चौकोनी! उभ्या व्हिडिओत भरपूर जागा आहे असं समजून वर नाव, मध्ये माणूस, खाली नंबर अशी मांडणी करणारा फसतो तो इथंच. भिंत मोठी दिसते, पण चुना लावायला मिळते ती मधलीच.

त्यातही एक कोपरा कच्चा आहे. उजवीकडची बटणांची रांग खालच्या सात भागांत संपत नाही, ती वर चौकटीतही थोडी चढते. म्हणून चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे साधारण ९३० च्या खाली, उजवीकडून आणखी पन्नासेक ठिपके सोडावेत. तिथल्या ओळी आखूड ठेवल्या की झालं.

काकांचा व्हिडिओ कसा दुरुस्त केला

आता मूळ व्हिडिओ. भाच्यानं फोन वजनकाट्याला टेकवून ठेवला होता. टेकवलेला फोन मागं कलतो आणि छताकडे बघतो. त्यामुळे वरच्या अर्ध्या व्हिडिओत पंखा, ट्यूबलाइट आणि देवाचं कॅलेंडर, काका खालच्या अर्ध्यात. मी एक क्षण थांबवून मोजलं. डोक्यावरची टोपी ८५० वर, हनुवटी १५०० वर. म्हणजे तोंडाचा खालचा भाग, ज्यानं माणूस बोलतो, तोच मजकुरामागं गेला होता. दुकानाचं नाव १२० वर, नंबर १७६० वर. दोन्ही चौकटीबाहेर.

पुन्हा शूट करायला काका तयार नव्हते. "परत तेच बोलायचं व्हय? सौद्याला जायचंय मला." मग मी सोपी गोष्ट केली. अख्खा व्हिडिओ ३०० ठिपके वर सरकवला. पंखा वर निघून गेला, कुणाला त्याची आठवणही झाली नाही. टोपी आली ५५० वर, हनुवटी १२०० वर. चेहरा पूर्ण चौकटीत बसला.

वर सरकवल्यामुळे खाली ३०० ठिपक्यांची रिकामी पट्टी उरली, १६२० पासून १९२० पर्यंत. ती मी गडद तपकिरी रंगानं भरली. नवशिका इथं घाबरतो, काळं दिसतंय म्हणतो. पण ही पट्टी ज्या सात भागांत आहे ते ॲपनं तसेही व्यापलेले आहेत. तिच्यावर नाव आणि मजकूर येतो, आणि गडद रंगावर तो उलट जास्त स्पष्ट वाचता येतो. जी जागा आपली नाही तिच्यातच रिकामेपण ढकलायचं, एवढीच यातली युक्ती.

मग अक्षरं. टोपीच्या वर २८८ ते ५५० अशी २६२ ठिपक्यांची जागा मोकळी होती. पहिले चार सेकंद तिथं दुकानाचं नाव आणि "सांगली" अशा दोन ओळी. त्यानंतर त्याच जागी काकांच्या बोलण्याच्या ओळी, एका वेळी दोन. बोलण्याच्या ओळी हनुवटीखाली टाकायची सगळ्यांना सवय असते, पण हनुवटी १२०० वर आणि चौकट संपते १२४८ वर. अठ्ठेचाळीस ठिपक्यांत मराठीची एक ओळही धड बसत नाही. डोक्यावर ओळी विचित्र दिसतील अशी मला शंका होती. दिसल्या नाहीत.

नंबर मात्र सबंध व्हिडिओभर मिरवायचा नाही असं मी ठरवलं. शेवटचे तीन सेकंद चित्र धूसर करून मधोमध, ७०० ते ९०० च्या दरम्यान, दहा आकडे दोन गटांत तोडून टाकले, पाच आणि पाच. शिवाय खातं व्यवसायाचं करून त्यावर कॉलचं बटण लावून दिलं. व्हिडिओतल्या आकड्यांवर बोट ठेवून फोन लागत नाही, ते पाठ करावे लागतात.

एक गोष्ट मात्र वाचवता आली नाही. काका बोलता बोलता मूठभर हिरवा बेदाणा पुढं धरतात, तो हात १६५० वर होता. वर सरकवून तो १३५० वर आला, म्हणजे अजून झाकलेलाच. ज्या मालासाठी व्हिडिओ केला तो मालच दिसेना! त्यासाठी चार सेकंदांचा एक तुकडा नव्यानं घेतला. "काका, मूठ गालापाशी धरा." "लहान पोरासारखं?" "तसंच." धरली. बघताना ते अजिबात पोरकट वाटत नाही, कारण चौकटीत बेदाणा आणि चेहरा दोन्ही सारखेच ठळक येतात.

शूट करतानाच काय बघायचं

वर सरकवायची युक्ती दरवेळी चालत नाही. डोक्यावर मोकळी जागा असेल तरच ती चालते. चेहरा जवळून घेतला असेल, डोकं वरच्या कडेला आणि हनुवटी खालच्या, तर सरकवायला काही उरत नाही. मग व्हिडिओ लहान करून मागं धूसर चित्र भरावं लागतं. ते चालतं, पण दर्जा उतरल्यासारखा दिसतो.

म्हणून शूट करताना फोन डोळ्यांच्या उंचीला सरळ उभा ठेवावा आणि डोळे वरून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणावेत. मोजायचं झालं तर ६४० च्या आसपास. टोपी किंवा फेटा असेल तर डोळे थोडे खाली, नाहीतर तुरा वरच्या तीन भागांत जातो. फेटा कापला तर नवरदेवाचे मामा रागावतात, हे अनुभवानं सांगतो. हातात काही दाखवायचं असेल तर ते छातीच्या वर. आणि माणसानं एक पाऊल मागं व्हावं. मागं गेल्यानं चेहरा लहान होतो खरा, पण लहान चेहरा संपादनात मोठा करता येतो, कडेपलीकडे गेलेला परत आणता येत नाही.

मराठी अक्षरांची वेगळी अडचण

तयार साचे इंग्रजीच्या मापानं बनलेले असतात. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं. "सर्वोत्कृष्ट" या एका शब्दात वर रफार आहे, मात्रा आहे आणि खाली ऋकारही आहे. अशा दोन ओळी इंग्रजी साच्यात टाकल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मागं रंगाची पट्टी दिली असेल तर ती अनुस्वारच कापते. "अंगूर"चं "अगूर" झालेलं मी बघितलंय.

दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपटीच्या जवळ ठेवावं, १.४ तरी. आता काकांच्या २६२ ठिपक्यांचा हिशोब लागेल. अक्षर ७५ चं, त्याची ओळ १०५ ची, दोन ओळी २१०. वरखाली थोडी हवा राहते. तिसरी ओळ घालायचा मोह झाला तर अक्षर ६० पर्यंत उतरवता येतं, त्याखाली नको. फोनच्या काचेची रुंदी सात सेंटिमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे ६० ठिपके जेमतेम चार मिलिमीटर. पन्नाशीच्या गिऱ्हाइकाला ते चष्म्याशिवाय वाचायचंय.

"मजकूर लिहिलाच नाही तर?"

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. खाली मजकूर येतो म्हणून अडचण, तर मजकूरच नको. पण मजकूर नसला तरी खात्याचं नाव, फॉलोचं बटण आणि गाण्याची पट्टी राहतेच. जागा थोडी मोकळी होते, पूर्ण नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ३५ टक्के हा आकडा जाहिरातींसाठीचा, साध्या रीलमध्ये खाली इतकं झाकलं जात नाही. बरोबर आहे. जाहिरातीत मजकुराबरोबर "अधिक माहिती"सारखं एक बटणही येतं, म्हणून तिला जास्त जागा लागते. पण दुकानदार काय करतो? रील चालली की पैसे भरून ती बूस्ट करतो. त्या क्षणी साधी रील जाहिरात होते आणि काल दिसणारी शेवटची ओळ आज बटणामागं जाते. पैसे भरल्यावरच नंबर गायब, असा विनोद होतो. लग्नाच्या किंवा गावच्या जत्रेच्या रीलला बूस्ट होणार नसेल तर खालचे सातऐवजी पाच-सहा भाग सोडले तरी भागतं. धंद्याच्या रीलला मात्र मी तीन-दहा-सातचाच हिशोब धरतो.

यूट्यूब शॉर्ट्सवरही उजवीकडे बटणं आणि खाली चॅनेलचं नाव व शीर्षक अशीच रचना आहे, त्यामुळे हीच चौकट तिथं चालते. व्हॉट्सॲप स्टेटसवर वर नाव आणि रेघ, खाली उत्तराची पट्टी. तिथं झाकणं कमी, पण काकांची तपकिरी पट्टी उघडी पडते. म्हणून स्टेटससाठी मी वेगळी फाइल देतो, पट्टीवर दुकानाचं नाव छापून.

आणि मुखपृष्ठ, म्हणजे कव्हर. प्रोफाइलवर रील लहान खिडक्यांत दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनं त्या चौकोनी खिडक्या उभ्या केल्या. ३ ला ४ प्रमाणाची खिडकी १९२० पैकी मधले १४४० ठिपके दाखवते, वरून २४० आणि खालून २४० जातात. आपली २८८ ते १२४८ ची चौकट तिच्यात सहज बसते, त्यामुळे शीर्षकाला धोका नाही. पण काकांच्या व्हिडिओत पट्टी १६२० पासून सुरू होते आणि खिडकी १६८० पर्यंत दाखवते. कव्हरच्या तळाला साठ ठिपक्यांची तपकिरी रेघ आली असती. कव्हर म्हणून वेगळा फोटो लावून टाकला.

तपासायचं कसं

माझ्या फोनमध्ये १०८० बाय १९२० चं एक पारदर्शक चित्र आहे. त्यात झाकल्या जाणाऱ्या जागा लाल फिकट रंगानं रंगवल्यात, मधली चौकट मोकळी. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येणाऱ्या कुठल्याही डिझाइन ॲपमध्ये दहा मिनिटांत होतं, फक्त ते PNG म्हणून साठवायचं, नाहीतर पारदर्शक जागा पांढरी होते. व्हिडिओ संपादित करताना हे चित्र सगळ्यात वरच्या थरावर ठेवायचं आणि शेवटी काढून टाकायचं. काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो, आणि एका बारशाचा व्हिडिओ लाल कडांसकट पाहुण्यांत फिरला.

स्वतःच्या फोनवरून तपासू नये, कारण आपल्या स्वतःच्या रीलवर ॲप आपल्याला आकडेवारीची आणि बूस्टची पट्टीही दाखवतं आणि फॉलोचं बटण दाखवत नाही. पाहुण्याला दिसणारं चित्र वेगळं असतं. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या कुणाचा तरी फोन घ्या, जमलं तर एक लांबुडका आणि एक जुना आखूड.

काकांनी सुनेचा फोन मागवला. ती त्यांच्या दुकानाला फॉलो करत नव्हती हे त्या निमित्तानं उघड झालं, त्यावर थोडं बोलणंही झालं. मग रील लागली. काकांनी शेवटचे तीन सेकंद बोटानं काचेवर आकडे मोजले. पूर्ण व्हायच्या आत रील परत सुरू झाली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघितली. दुसऱ्या खेपेला दहा भरले. मी शेवटचा तुकडा तीनऐवजी पाच सेकंदांचा केला.